चिंचोके, वीस घरे आणि भेळेचा गाडा : इयत्ता नववीसाठी कर टप्प्यांच्या पाठाच्या प्रकल्प नोंदी

10 नोव्हेंबर 2025, सोमवार

दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीचे ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण घेण्याआधी एक छोटी चाचणी घेतली. प्रश्न एकच होता : पहिल्या अडीच लाखांवर कर नाही, अडीच ते पाच लाखांवर 5 टक्के आणि पाच ते दहा लाखांवर 20 टक्के असा दर असेल, तर सहा लाख उत्पन्नावर किती कर बसेल? वर्गातील बहुतेकांनी सहा लाखांचे वीस टक्के काढून 1,20,000 असे उत्तर लिहिले. ज्यांचे उत्तर बरोबर आले, त्यांनी पाठ्यपुस्तकातील तक्त्यात दिलेले ‘12,500 अधिक पाच लाखांवरील रकमेच्या 20 टक्के’ हे सूत्र वापरून 32,500 काढले होते. त्यांच्यापैकी तिघांना मी विचारले, की हे साडेबारा हजार आले कुठून? एकाने “सरकारची ठरलेली फी असेल, मॅडम,” असे सांगितले. बाकीचे दोघे गप्प राहिले.

पाठाचे उद्दिष्ट मी त्यावरूनच ठरवले. सूत्र पाठ नसतानाही विद्यार्थ्याला ते साडेबारा हजार स्वतः उभे करता आले पाहिजेत. तक्त्यातील दर 2017-18 चे आहेत आणि आज नव्या करप्रणालीत ते वेगळे आहेत, ही अडचण त्यापुढे गौण आहे. टप्पा म्हणजे काय हे कळले, की दर बदलले तरी बिघडत नाही. उदाहरण म्हणून आमच्या गावचा गुरुवारचा आठवडी बाजार घ्यावा, असे ठरवले.

13 नोव्हेंबर, गुरुवार

पहिला आराखडा आजच रद्द करावा लागला. चूक माझीच होती. मी बाजारातील मालाचे गट पाडले होते : भाजीपाल्यावर शून्य, किराणा मालावर 5 टक्के, भांड्यांवर 10 टक्के. आमच्या शाळेतील समाजशास्त्राच्या शिक्षकांना तो दाखवला तेव्हा त्यांनी एका वाक्यात दोष सांगितला : “मॅडम, हा आयकर झाला नाही, हा जीएसटी झाला.”

त्यांचे म्हणणे बरोबर होते. जीएसटीत दर वस्तूला चिकटलेला असतो. भांडे ज्या दराच्या गटात येते, तोच दर त्या भांड्याच्या पूर्ण किमतीवर लागतो, मग घेणारा गरीब असो वा श्रीमंत. आयकरात दर उत्पन्नाच्या भागाला चिकटतो. बातम्यांमध्ये मात्र दोन्हींसाठी ‘स्लॅब’ हाच शब्द वापरला जातो, आणि 22 सप्टेंबरपासून जीएसटीचे दर बदलल्यामुळे तो मुलांच्या कानावर नुकताच भरपूर पडला आहे. ‘पाच टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आले’ म्हणजे संपूर्ण वस्तूवर पाच टक्के, हा अर्थ जीएसटीत बरोबर आहे. तोच आयकराला लावला, की सोमवारच्या चाचणीतील 1,20,000 हे उत्तर तयार होते. त्यामुळे पाठात ‘स्लॅब’ हा शब्द न वापरता ‘टप्पा’ हाच वापरायचा आणि ‘अमुक माणूस वीस टक्क्यांच्या टप्प्यात आहे’ अशी वाक्यरचना स्वतःही टाळायची, अशी नोंद आराखड्याच्या वर लाल शाईने केली. माणूस कोणत्याही टप्प्यात नसतो; त्याचे रुपये वेगवेगळ्या टप्प्यांत असतात.

17 नोव्हेंबर, सोमवार

नव्या आराखड्याचा पाया आकडे सोपे असणे हाच आहे, म्हणून चालू आर्थिक वर्षाच्या, म्हणजे 2025-26 च्या, नव्या करप्रणालीचे टप्पे पाहत बसले होते. पहिल्या चार लाखांवर कर नाही, पुढील चार लाखांवर 5 टक्के, त्यापुढील प्रत्येक चार लाखांवर 10, 15, 20 आणि 25 टक्के, आणि 24 लाखांच्या वरील सर्व रकमेवर 30 टक्के. प्रत्येक टप्पा चार लाखांचाच आहे आणि दर पाच-पाचने वाढतो. शिकवणाऱ्याला याहून सोयीचा तक्ता मिळणे कठीण.

लाखाच्या जागी शंभर घेतले, की बाजाराचा नियम तयार होतो. पहिल्या 400 रुपयांच्या नफ्यावर काही नाही, पुढच्या 400 वर 5 टक्के, त्यापुढच्या 400 वर 10 टक्के, असे. आता एक चिंचोका म्हणजे 20 रुपये धरला, तर प्रत्येक टप्प्यात बरोबर 20 चिंचोके मावतात. पहिल्या टप्प्याच्या वीस चिंचोक्यांतून एकही द्यायचा नाही, दुसऱ्याच्या विसातून 1, तिसऱ्यातून 2, चौथ्यातून 3, पाचव्यातून 4 आणि सहाव्यातून 5. टक्केवारीचा गुणाकार न करताही मुलांना कर मोजता येईल. हे जुळल्यावर मला स्वतःलाच गंमत वाटली, आणि रात्री उशिरापर्यंत मी स्वयंपाकघरातील ओट्यावर चिंचोके मांडत बसले होते.

20 नोव्हेंबर, गुरुवार

दुपारच्या सुट्टीनंतर बारा विद्यार्थ्यांना घेऊन बाजारात गेले. वही-पेन घेतलेली मुले “काका, दिवसाला किती सुटतात?” असे विचारू लागताच दोन विक्रेत्यांनी मान फिरवली आणि एकाने “कुठल्या कचेरीतून आलात?” असे मलाच विचारले. कमाईचा आकडा विचारणे आपल्याकडे उद्धटपणाचे समजले जाते, आणि करासाठी विचारणे तर संशयाचे. त्यामुळे प्रत्यक्ष आकडे गोळा करण्याचा भाग आराखड्यातून काढून टाकला. त्याऐवजी ओळखीच्या भेळवाल्या काकांशी बसून ‘एखाद्या गाड्याचा’ काल्पनिक हिशेब तयार केला. स्वतःचा सांगायचा नव्हता म्हणून ते अगदी मोकळेपणाने बोलले.

दिवसाची विक्री 3,200 रुपये. मुरमुरे, फरसाण आणि शेव 760, पीठ आणि तेल 690, कांदा, चिंच, मिरची 240, गॅस 260, टेम्पोचे भाडे 230, आणि ग्रामपंचायतीची बाजार पावती 20. एकूण खर्च 2,200, म्हणजे नफा 1,000 रुपये. पावतीच्या वीस रुपयांबद्दल एका मुलीने विचारले, की हा करच नाही का. ती जागेबद्दल ग्रामपंचायत घेते. धंदा झाला नाही तरी ती द्यावी लागते आणि भेळवाल्यालाही भांडीवाल्याइतकीच असते, असे काकांनीच तिला समजावले. नफ्याच्या हिशेबात ती खर्चाच्या बाजूला जाते, एवढी भर मी घातली.

विक्रेत्यांची निवड करताना एक काळजी घ्यावी लागली. आमच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुले शेतकरी घरांतील आहेत आणि त्यांच्या आया याच बाजारात स्वतःच्या शेतातील वांगी-गवार विकतात. शेतीचे उत्पन्न केंद्राच्या आयकरातून वगळलेले आहे. त्यामुळे पाठात माळव्याची पाटी घेऊन बसलेल्या बाईंवर कर आकारला असता, तर मुलांनी घरी जाऊन चुकीचीच गोष्ट सांगितली असती. दुसऱ्याकडून भाजी विकत घेऊन पुन्हा विकणाऱ्या व्यापाऱ्याचे उत्पन्न मात्र धंद्याचे असते. पाठात भेळवाला, कापडवाला आणि भांडीवाला असे तिघेच ठेवले.

21 नोव्हेंबर, शुक्रवार

‘ब’ तुकडीवर पहिला प्रयोग केला आणि तो साधनामुळे फसला. टप्प्यांसाठी चहाचे कागदी पेले एका ओळीत ठेवले होते. पहिला भरला, की उरलेले चिंचोके दुसऱ्यात ओतायचे, अशी कल्पना होती. पण पेल्यात दाबून बसवले तर बरेच जास्त चिंचोके मावतात, आणि मुले ते दाबून बसवतातच. पेला कधी ‘भरला’ याबद्दल प्रत्येक गटात वाद झाला. ज्या मर्यादेवर सगळा पाठ उभा आहे, तीच मर्यादा साधनात दिसत नव्हती.

संध्याकाळी शाळेच्या अडगळीतील एका जुन्या फ्लेक्सची मागची पांढरी बाजू वापरून नवे साधन केले. त्यावर मार्करने सहा आडव्या ओळी आखल्या, प्रत्येक ओळीत वीस घरे, एका घरात एकच चिंचोका. ओळीच्या उजव्या टोकाला ‘काही नाही’, ‘विसातून 1’, ‘विसातून 2’ असे लिहिले. सर्वात वर एक सातवी, न आखलेली मोकळी जागा ठेवली. तिथे कितीही चिंचोके मावतात आणि दर ‘विसातून 6’ असा असतो. ओळी खालून वर भरायच्या, म्हणजे ढीग वाढताना दिसतो.

24 नोव्हेंबर, सोमवार

‘अ’ तुकडीवर फ्लेक्ससह पाठ घेतला. भेळवाल्याचा हिशेब फळ्यावर होता, तरी पाचपैकी तीन गटांनी 3,200 ची विक्रीच उचलली आणि 160 चिंचोके मांडायला सुरुवात केली. मी अडवले नाही. सहा ओळी भरून वरच्या मोकळ्या जागेत 40 चिंचोके गेले. पूर्ण ओळींचे 15 आणि वरच्या ढिगाचे 12 असे 27 चिंचोके कर निघाला, म्हणजे 540 रुपये. मग मी त्यांना भेळवाल्याच्या खिशात उरलेले हजार रुपये दाखवून विचारले, की यातून साडेपाचशे दिल्यावर तो पुढच्या गुरुवारी गाडा लावेल का? एका मुलाने स्वतःहून खर्चाचे 110 चिंचोके उचलून बाजूला ठेवले. उरलेल्या 50 पैकी पहिल्या ओळीत 20, दुसरीत 20, तिसरीत 10. कर : शून्य, एक आणि एक; दोन चिंचोके, 40 रुपये. गल्ला आणि नफा यांतील फरकावर मी वेगळे व्याख्यान तयार केले होते, ते द्यावे लागले नाही.

यानंतर पाठाचा मुख्य भाग होता : दोन कापडवाले शेजारी बसतात, एकाचा नफा 1,180 आणि दुसऱ्याचा 1,220. बाराशेला तिसरी ओळ संपते. मुलांच्या मूळ समजुतीप्रमाणे पहिल्याला संपूर्ण रकमेवर 10 टक्के, म्हणजे 118 रुपये, आणि दुसऱ्याला 15 टक्के, म्हणजे 183 रुपये कर बसेल. पहिल्याच्या हाती 1,062 उरतील आणि जास्त कमावणाऱ्या दुसऱ्याच्या हाती 1,037. हे फळ्यावर लिहिताच मागच्या बाकावरून आवाज आला, “मग बाराशे व्हायच्या आत ताडपत्री गुंडाळायची की, मॅडम!” वर्ग हसला, पण त्याने नेमके तेच म्हटले होते जे मला ऐकायचे होते.

फ्लेक्सवर मांडल्यावर चित्र बदलले. पहिल्याचे 59 चिंचोके तिसऱ्या ओळीतील एक घर रिकामे ठेवून संपतात. दुसऱ्याचे 61 चिंचोके ती ओळ भरून चौथ्या ओळीत फक्त एक घर घेतात. त्या एका घरासाठी खालच्या तीन ओळींतील साठ चिंचोके कुठेही हलत नाहीत. रुपयांत हिशेब केला : पहिल्याला 20 अधिक 38, म्हणजे 58 कर आणि हाती 1,122; दुसऱ्याला 20, 40 आणि 3 मिळून 63 कर आणि हाती 1,157. चाळीस रुपये जास्त कमावले, पाच जास्त कर गेला, पस्तीस जास्त घरी आले.

आता ‘12,500 अधिक’ची आठवण करून दिली आणि पाठ्यपुस्तकातील तक्ता याच पद्धतीने आखायला सांगितला. तिथल्या ओळी सारख्या लांबीच्या नाहीत, ही गोष्ट त्यांच्या लगेच लक्षात आली. अडीच लाखांची पहिली ओळ, अडीच लाखांची दुसरी, मग पाच लाखांची. दुसरी ओळ पूर्ण भरली, की तिचे 5 टक्के म्हणजे 12,500. तिसरीही भरली, की त्यात एक लाखाची भर पडून 1,12,500. ‘ठरलेली फी’ म्हणणारा मुलगा फळ्यापाशी येऊन हे सांगून गेला.

मुलांची मूळ समजूत वेडगळ नव्हती, एवढे इथे नोंदवून ठेवते. संपूर्ण उत्पन्नाला एकच दर लावण्याची पद्धत भारतात खरोखरच होती. 1939 च्या कायदादुरुस्तीने ती जाऊन आजची टप्प्यांची पद्धत आली. ताडपत्री गुंडाळण्याचा विचार ज्या दोषामुळे सुचतो, तो दोष कायदा करणाऱ्यांनाही काही दशके सोसावा लागला.

27 नोव्हेंबर, गुरुवार

तासाच्या सुरुवातीलाच एका मुलीने अडचणीचा प्रश्न विचारला. भेळवाल्याला यात्रेच्या आठवड्यात 2,000 सुटले आणि पुढच्या आठवड्यात पावसाने काहीच सुटले नाही, तर काय करायचे? तिने स्वतः फ्लेक्सवर मोजून आणले होते : 2,000 वर दहा चिंचोके, म्हणजे 200 रुपये कर, पण दोन आठवडे हजार-हजार सुटले असते, तर 40 आणि 40 मिळून 80 च. कमाई तेवढीच, कर अडीच पट.

हा दोष बाजाराच्या उदाहरणात होता, आयकरात नव्हता, कारण आयकराच्या ओळी वर्षातून एकदाच भरल्या जातात आणि सगळे आठवडे आधी एकत्र मिळवले जातात. आराखड्यात दुरुस्ती केली : फ्लेक्सवरचा ढीग म्हणजे एका दिवसाचा नव्हे, तर वर्षाचा नफा, आणि एक चिंचोका म्हणजे 20 हजार रुपये. भेळवाल्याचा दिवसाचा हिशेब फक्त विक्रीतून नफा कसा काढायचा एवढ्यापुरता ठेवला. मुलीच्या उदाहरणाला मात्र पाठात कायमची जागा दिली, कारण ‘वर्षभराचे उत्पन्न’ हे शब्द व्याख्येत का असतात, ते त्याशिवाय कळत नाही.

28 नोव्हेंबर, शुक्रवार

ज्या प्रश्नाची मला धास्ती होती, तो आज आलाच. “मॅडम, आमचे पप्पा म्हणतात, बारा लाखांपर्यंत करच नाही. मग दहा लाखांच्या भेळवाल्याला दोन चिंचोके कशाचे?” वडिलांचे म्हणणे योग्य होते. नव्या प्रणालीत करपात्र उत्पन्न 12 लाखांपर्यंत असेल, तर टप्प्यांनुसार निघालेला 60 हजारांपर्यंतचा कर कलम 87-अ खाली माफ होतो. पण ही माफी म्हणजे टप्पा नव्हे. आधी चिंचोके मांडायचे, कर मोजायचा, आणि मांडलेले एकूण चिंचोके 60 पर्यंत असतील तर कराचे चिंचोके परत करायचे, असा क्रम आहे.

हा फरक शब्दच्छल वाटू नये म्हणून 17 लाख नफ्याचा भांडीवाला घेतला. ‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ याचा अर्थ खालच्या तीन ओळी सर्वांसाठी मोफत, असा मुलांनी घेतला होता, आणि त्यामुळे त्याला वरच्या पाच लाखांवरच कर येईल, असे त्यांचे गणित होते : 60 हजार अधिक 20 हजार, म्हणजे 80 हजार. प्रत्यक्षात त्याचे उत्पन्न मर्यादेच्या बरेच पुढे गेल्याने परत काहीच मिळत नाही, आणि 85 चिंचोक्यांवर 0, 1, 2, 3 आणि पाचव्या ओळीतील पाच चिंचोक्यांचा 1, असे सात चिंचोके, म्हणजे 1,40,000 रुपये द्यावे लागतात. त्यावर 4 टक्के उपकर वेगळा.

मग ताडपत्रीवाल्या मुलाने हात वर केला. “म्हणजे बारा लाखांवर दुकान बंद करायचं, हे मी बरोबरच म्हणालो होतो ना?”

उत्तर द्यायला मी थोडा वेळ मागून घेतला, आणि सुट्टीत हिशेब केला. केवळ टप्पे पाहिले, तर तो चूक आहे. पण माफीमुळे बाराव्या लाखापाशी खरोखरच एक पायरी तयार होते : 12 लाखांवर शून्य, आणि एक रुपया जास्त झाला, की 60 हजार. ही पायरी बोथट करण्यासाठी सीमांत सवलत ठेवली आहे. 12 लाखांच्या वर जेवढी कमाई, त्याहून जास्त आयकर घेतला जात नाही. आपल्या दुसऱ्या कापडवाल्याचे उत्पन्न 12,20,000 असेल, तर टप्प्यांनी 63,000 होतात, पण सवलतीमुळे 20,000 च द्यावे लागतात. आता त्यावर 4 टक्के उपकर लागतो, म्हणजे 800 रुपये. एकूण 20,800. हाती उरतात 11,99,200, आणि नेमक्या बारा लाखांवर ताडपत्री गुंडाळणाऱ्याच्या हाती पूर्ण 12,00,000. मुलगा आठशे रुपयांनी बरोबर होता. तासाला परत जाऊन हे मी फळ्यावर लिहून मान्य केले. तो दिवसभर वर्गात मान ताठ करून फिरत होता.

ही सवलत साधारण 12,70,588 रुपयांपर्यंत लागू राहते, कारण तिथे टप्प्यांनी येणारा कर आणि बारा लाखांवरील कमाई समान होतात. त्यापुढे नेहमीचा हिशेब सुरू होतो. म्हणजे कर टप्प्यांच्या सहाही सीमा तपासल्या तरी जी उडी सापडत नाही, ती टप्प्यांबाहेर ठेवलेल्या एका माफीत सापडते.

8 डिसेंबर, सोमवार

पडताळणीसाठी आयकर मुद्दाम बाजूला ठेवला आणि घरचे वीजबिल आणायला सांगितले. महावितरणच्या घरगुती दरांत पहिली 100 युनिट, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या वर, असे टप्पे असतात. 130 युनिटच्या बिलात 100 आणि 30 अशा दोन ओळी का आहेत, हे फ्लेक्स न पाहता बहुतेकांनी सांगितले. तिघांनी अजूनही 130 युनिटना वरचाच दर लावला. त्यांना पुन्हा चिंचोके मांडायला बसवले. स्थिर आकार हा टप्प्यांत येत नाही, हे मात्र मला सांगावे लागले.

10 डिसेंबर, बुधवार

आराखडा अंतिम केला : चार तास. पहिल्या तासाला गल्ला आणि नफा, दुसऱ्याला दोन कापडवाले आणि ‘12,500 अधिक’, तिसऱ्याला यात्रेचा आठवडा आणि वीजबिल. माफी आणि सीमांत सवलत चौथ्या तासाला स्वतंत्रपणे, आणि तीही टप्पे पक्के झाल्याशिवाय घ्यायची नाही. मी ती दुसऱ्या तासात घुसवली असती, तर ओळींचे चित्र मुलांच्या मनात बसण्याआधीच मोडले असते. चौथ्या तासासाठी आकडे चिंचोक्यांत बसत नाहीत, कारण एका चिंचोक्याचे भाग पडतात; तिथे फळा आणि खडूच बरा.

फ्लेक्स गुंडाळून प्रयोगशाळेच्या कपाटावर ठेवला आहे. चिंचोक्यांना मात्र भुंगा लागू लागला आहे, काहींना भोके दिसत आहेत. पुढच्या तुकडीसाठी भाजून ठेवावे लागतील, किंवा सरळ सागरगोटे आणावेत.